घरात टीव्ही आहे, पण शेत नाही: कुटुंबाची गरिबी मोजायची कशी?

कुपोषणाच्या पाहणीत बाळाचे वजन मोजायला काटा असतो आणि उंची मोजायला फळी असते. दोन्हींत थोडीफार चूक होते, पण ती किती होते हे माहीत असते. त्याच पाहणीचा पुढचा प्रश्न असतो, की कमी वजनाची मुले गरीब घरांत जास्त आहेत का? आणि तिथे काटा नसतो. ‘गरीब घर’ म्हणजे नेमके कोणते, हे ठरवणारी फूटपट्टी आधी तयार करावी लागते. आरोग्याच्या अहवालांत ‘सर्वांत गरीब पाचवा हिस्सा’ असे शब्द येतात, ते याच फूटपट्टीवरून. ती वाकडी असेल तर गरीब आणि सधन घरांतले आरोग्याचे अंतर खोटेच कमी दिसते, आणि पोषणाचे काम जिथे जायला हवे तिथे पोहोचत नाही.

जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे अशा फूटपट्टीची चांगलीच परीक्षा पाहतात. तापीकाठी रावेर-यावलची केळी, अमळनेर-पारोळा-शिंदखेड्याकडे पावसावरचा कापूस, चोपडा-शिरपूरच्या वर सातपुड्यातले पावरा आणि भिल्ल पाडे, साक्रीच्या पश्चिमेला डोंगराळ आदिवासी गावे, आणि मध्ये जळगाव-धुळ्यासारखी शहरे. या सगळ्यांना एकाच यादीत वर-खाली लावायचे असते.

उत्पन्न का विचारत नाहीत?

सर्वांत सरळ प्रश्न म्हणजे ‘महिन्याला किती मिळतात?’ वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी आजही तो विचारतात, कारण बी. जी. प्रसाद यांची 1961 सालची वर्गवारी माणशी मासिक उत्पन्नावर उभी आहे आणि 1976 ची कुप्पुस्वामी श्रेणीही उत्पन्न विचारतेच. पगारदार घरात हा प्रश्न चालतो. शेतमजुराला मात्र आज काम असते, उद्या नसते. कापूस वर्षातून एकदा विकला जातो. केळीचा पैसा बाग कापली की येतो, आणि त्यातून खत, ठिबक, मजुरी वजा करायची की नाही, हे शेतकऱ्याने ठरवायचे. त्यात एखादी योजना मिळेल किंवा हातची जाईल, या विचाराने आकडा खाली येतो.

रेशनकार्डाचा रंग पाहावा, तर तोही पुरेसा नाही. महाराष्ट्रात 1999 मध्ये तिरंगी कार्डे आली, तेव्हा वार्षिक 15,000 रुपयांपर्यंत पिवळे, त्यापुढे 1 लाखापर्यंत केशरी आणि त्याहून वर पांढरे, अशी विभागणी झाली. त्या मर्यादेत आजचे घर बसवणे कठीण आहे. शिवाय कार्डाचा रंग घराच्या परिस्थितीइतकाच कागदपत्रांच्या खटपटीवर अवलंबून असतो.

घरखर्चाचा तपशील घेणे हा अर्थशास्त्राचा पसंतीचा मार्ग आहे. पण धान्य, तेल, कपडे, औषधे, लग्नकार्य अशी लांबलचक यादी विचारायला तास-दीड तास लागतो. बाळाला घेऊन ताटकळलेल्या आईला तेवढा वेळ नसतो. म्हणून आरोग्य पाहण्यांनी दुसरी वाट धरली: भिंती कशाच्या, छत कसले, पाणी कुठून येते, घरात कोणत्या वस्तू आहेत, शेत किती. दहा मिनिटांत उत्तरे मिळतात आणि निम्मी तर डोळ्यांनी पडताळता येतात. खरा प्रश्न त्यानंतर येतो: या उत्तरांची बेरीज करताना कशाला किती गुण द्यायचे?

एका मजूर कुटुंबाचे दोन निकाल

1998-99 च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे गुण तज्ज्ञांनी ठरवले होते. त्याला राहणीमान निर्देशांक म्हणत. पक्क्या घराला 4 गुण, अर्धपक्क्याला 2, कच्च्याला 0. स्वतःच्या खड्ड्याच्या संडासाला 2. विजेच्या दिव्याला 2, रॉकेलच्या दिव्याला 1. पाच एकर किंवा जास्त शेतीला 4. मोटारसायकल, टेलिफोन, फ्रिज आणि रंगीत टीव्हीला प्रत्येकी 3. सायकल किंवा पंख्याला 2. खाट, खुर्ची, टेबल, घड्याळ यांना प्रत्येकी 1. कमाल बेरीज 67. त्यात 14 पर्यंत निम्न, 15 ते 24 मध्यम आणि 25 पासून पुढे उच्च राहणीमान.

आता साक्री तालुक्यातले एक भूमिहीन मजूर कुटुंब कल्पनेने घेऊ आणि त्याला हेच गुण देऊन पाहू. 1998 मध्ये त्यांचे घर कुडाचे, म्हणजे 0. संडास नाही, 0. रॉकेलची चिमणी, 1. चूल लाकडाची, 0. पाणी सार्वजनिक विहिरीचे, 1. घर स्वतःचे, 2. शेती नाही, 0. दोन शेळ्या म्हणजे पशुधन, 2. एक सायकल, 2. एक खाट, 1. एकूण 9, म्हणजे निम्न गट. गावातल्या कुणालाही विचारले असते, तर त्यानेही हेच सांगितले असते.

तेच कुटुंब आज पाहू. घरकुल मिळाले आहे, घर पक्के, 4. शोषखड्ड्याचा संडास बांधला, 2. वीज आली, 2. गॅसची जोडणी आहे, पण सिलिंडर परवडत नाही म्हणून रोजचा स्वयंपाक लाकडावर, 0. पाणी सार्वजनिक नळाचे, 1. घर स्वतःचे, 2. शेळ्या, 2. जुनी मोटारसायकल, 3. रंगीत टीव्ही, 3. मोबाइलला टेलिफोन धरले तर 3. पंखा 2, खुर्ची 1, खाट 1. एकूण 26. म्हणजे उच्च राहणीमान!

या कुटुंबाचे काहीच सुधारले नाही, असे अजिबात नाही. पक्के छत, वीज आणि संडास हे खरे बदल आहेत, आणि मुलांच्या तब्येतीवर त्यांचा परिणाम होतो. पण कुटुंब अजूनही भूमिहीन आहे, मजुरी अजूनही रोजची आहे आणि गावात ते अजूनही सर्वांत खालच्या घरांत मोडते. बिघाड दोन ठिकाणी आहे. टेलिफोनला 3 गुण दिले तेव्हा तो मोजक्या घरांत होता आणि त्यासाठी अर्ज करून थांबावे लागे. आज मोबाइल जवळपास प्रत्येक घरात आहे. आणि 2014 नंतर स्वच्छ भारत, 2016 पासून उज्ज्वला व ग्रामीण आवास योजना, 2017 मध्ये सौभाग्य यांतून संडास, गॅस, घर आणि वीज मुद्दाम गरीब घरांपर्यंत पोहोचवली गेली. जे पूर्वी सुबत्तेचे लक्षण होते, ते आता कधीकधी योजनेचा लाभार्थी असल्याचे लक्षण आहे.

उलट बाजूही खानदेशातच दिसते. इथली जुनी घरे धाब्याची, म्हणजे लाकडी सरे आणि वर मातीचे सपाट छत. ‘छत कशाचे?’ या रकान्यात माती लिहिली, की गुण कमी होतात. पण त्या धाब्याखाली सहा खोल्या असतील आणि मागे विहीर-बागायत असेल, तर ते घर गरीब कसे? म्हणून छताच्या जोडीला माणशी खोल्या किती, हा प्रश्न इथे फार उपयोगी पडतो.

गुण कोणी द्यायचे?

सगळ्यांना सारखेच गुण द्यावेत, असे एक उत्तर आहे. 2002 च्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या पाहणीत तसेच केले होते: 13 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, कमाल 52. ते तटस्थ वाटते, पण तोही एक निर्णयच होता. कारण त्यामुळे अंगावरच्या कपड्यांची संख्या आणि जमिनीचे क्षेत्र यांचे वजन एकसारखे झाले.

दुसरे उत्तर भारताच्याच आकड्यांतून पुढे आले. डीऑन फिल्मर आणि लँट प्रिचेट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1992-93 च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील घरे घेतली आणि गुण माणसांनी ठरवण्याऐवजी आकड्यांकडूनच काढले. त्यांचा लेख 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धतीचे नाव प्रमुख घटक विश्लेषण. तिचा गाभा सोपा आहे. ज्या घरात फ्रिज आहे, तिथे बहुधा गादी, गॅस आणि दुचाकीही असते. जिथे फ्रिज नाही, तिथे बाकीच्याही वस्तू कमी असतात. ज्या वस्तू अशा एकमेकींच्या सोबतीने येतात, त्यांच्यामागे एकच न दिसणारी गोष्ट आहे, म्हणजे घराची ऐपत, असे गृहीत धरायचे. मग जी वस्तू बाकीच्यांशी जितकी घट्ट जोडलेली, तिला तितके जास्त वजन. वस्तूच्या किमतीशी या वजनाचा संबंध नाही.

समजा, एका पाहणीत 100 पैकी 30 घरांत फ्रिज आहे आणि 70 घरांत रंगीत टीव्ही आहे. विश्लेषणातून फ्रिजचे वजन 0.40 आणि टीव्हीचे 0.30 निघाले. घराचा गुण काढताना त्या वस्तूचे सरासरी प्रमाण वजा करतात, उरलेल्याला तिच्या विचलनाने भागतात आणि वजनाने गुणतात. इथे दोन्हींचे विचलन 0.46 आहे. मग फ्रिज असलेल्या घराला 0.61 मिळतात, आणि नसलेल्याचे 0.26 वजा होतात. टीव्हीचे उलटे होते: असेल तर केवळ 0.20 मिळतात, नसेल तर 0.46 वजा होतात. म्हणजे दुर्मिळ वस्तू असणे घराला वर नेते आणि सर्वसामान्य वस्तू नसणे घराला खाली ओढते. गावात माणसे एकमेकांना याच रीतीने जोखतात.

याच हिशेबातून मोबाइलचाही प्रश्न सुटतो. 100 पैकी 97 घरांत असलेली वस्तू बाकीच्या घरांना वेगळे करूच शकत नाही. म्हणून 95 टक्क्यांहून जास्त किंवा 5 टक्क्यांहून कमी घरांत असलेल्या वस्तू विश्लेषणापूर्वीच वगळण्याचा प्रघात आहे. मोबाइलऐवजी स्मार्टफोन किती, गॅसची जोडणी आहे का याऐवजी काल स्वयंपाक कशावर झाला आणि वर्षात किती सिलिंडर भरले, असे विचारले की फरक पुन्हा दिसू लागतो.

फिल्मर-प्रिचेट यांनी या निर्देशांकाने मुलांच्या शाळेचा प्रश्न तपासला. वरच्या 20 टक्के आणि खालच्या 40 टक्के घरांतल्या 6 ते 14 वर्षांच्या मुलांत शाळेत नाव असण्याचे अंतर केरळमध्ये 4.6 टक्के अंकांचे निघाले, तर बिहारमध्ये 42.6 चे. उत्पन्नाचा एकही प्रश्न न विचारता हे दिसले. पुढे देशोदेशीच्या आरोग्य सर्वेक्षणांनी ही पद्धत स्वीकारली, आणि आपल्याकडेही 2005-06 पासून राहणीमान निर्देशांकाची जागा या संपत्ती निर्देशांकाने घेतली.

शेळी असणे म्हणजे गरिबी?

आकड्यांवर सोपवले की काम संपत नाही. जळगाव शहर आणि तालुक्यांतील घरे एकत्र टाकून विश्लेषण केले, तर शेळी, बैलगाडी, इतकेच काय शेतीलाही उणे वजन मिळू शकते. शहरातल्या सधन घरात फ्रिज, नळ, गॅस असतो, शेळी नसते. त्यामुळे आकडे म्हणतात, शेळी म्हणजे गरिबीची खूण. परिणामी दहा एकर बागायत असलेला यावलचा शेतकरी शहरातल्या भाडेकरू कामगाराच्या खाली जाऊन बसतो. पाहणी करणाऱ्याने वजनांचा तक्ता छापून पाहिला, तर हा दोष लगेच सापडतो: जी वस्तू असणे कुणाच्याही मते चांगले, तिच्यापुढे उणे चिन्ह दिसते.

यावर आता तीन पायऱ्यांचा उपाय केला जातो. शहर आणि खेडे दोन्हींकडे सारखाच अर्थ असलेल्या वस्तूंवरून एक समाईक निर्देशांक. मग खेड्यांसाठी शेती-जनावरांसह वेगळा आणि शहरांसाठी वेगळा. शेवटी हे दोन्ही समाईक निर्देशांकाच्या मापावर आणून जोडायचे. राष्ट्रीय सर्वेक्षणही आता असेच करते.

पण खानदेशात खेड्या-खेड्यांतही तितकेच अंतर आहे. ‘शेती किती एकर?’ या प्रश्नात केळीची एक एकर आणि कोरडवाहू कापसाची पाच एकर यांची तुलना होते आणि दुसरी जिंकते. म्हणून बागायत आणि जिरायत क्षेत्र वेगवेगळे विचारावे लागते, आणि बागायतीला आणखी एक प्रश्न जोडावा लागतो: विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते? दिवाळीनंतर आटणारी विहीर आणि मेपर्यंत चालणारी विहीर, दोन्ही कागदावर ‘सिंचन आहे’ म्हणूनच नोंदल्या जातात.

जे मोजायचे आहे, ते फूटपट्टीत नको

आरोग्य पाहणीत एक चूक वारंवार होते. समजा, अभ्यास बालकांच्या जुलाबाचा आहे. निर्देशांकात संडास आणि पाण्याचा स्रोत घातलेला आहे. मग ‘गरीब घरांत जुलाब जास्त’ हा निष्कर्ष निघाला, तर तो गरिबीमुळे निघाला की संडास नसल्यामुळे? संडास हे जुलाबाचे थेट कारण आहे आणि त्यालाच आपण ऐपतीचे माप म्हटले आहे. चुलीचा धूर आणि न्यूमोनिया यांचेही तसेच. कुपोषणाच्या पाहणीत ‘दिवसातून किती वेळा जेवता?’ हा प्रश्न निर्देशांकात घातला, की उत्तर आधीच फूटपट्टीत शिरते.

त्यामुळे निर्देशांक दोनदा काढावा: एकदा सर्व प्रश्नांसह आणि एकदा संशयित प्रश्न वगळून. मग किती घरे एका पाचव्या हिश्श्यातून दुसऱ्यात गेली, हे मोजावे. थोडीच हलली, तर निष्कर्ष टिकाऊ. बरीच हलली, तर आपण गरिबी मोजत नव्हतो, संडास मोजत होतो.

पाड्यावर सगळे सारखेच?

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर नेहमीची यादी नेली, तर निम्म्या घरांची उत्तरे तंतोतंत सारखी येतात: फ्रिज नाही, दुचाकी नाही, टेबल नाही. सगळ्यांचा गुण एकच. मग खालच्या टोकाची घरे पाच हिश्श्यांत विभागताच येत नाहीत. गुणांचा आलेख काढला, की डाव्या टोकाला एकच उंच मनोरा उभा दिसतो. याचा अर्थ तिथले सगळे सारखेच गरीब आहेत असा नाही. यादी सधन घरांकडे पाहून बनवलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. तिथे फरक दाखवणारे प्रश्न वेगळे असतात: गुरे किती, बैलजोडी स्वतःची की सांगून आणलेली, वनहक्काचा दावा मंजूर झाला का, माणशी अंथरूण-पांघरूण किती, घरातून कामासाठी बाहेर कोण जाते आणि किती महिने.

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. धुळे आणि जळगावमधून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीच्या आसपास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. पाहणी जानेवारीत झाली, तर त्यांच्या दाराला कुलूप असते. पाहणी करणारा ‘घर बंद’ लिहून शेजारच्या घरी जातो. निर्देशांक कितीही काटेकोर असला, तरी ज्यांना तो सर्वांत खाली दाखवणार होता, ते घरच यादीत येत नाही. यावर गणिताचा उपाय नाही. पाहणीचा महिना बदलणे किंवा बंद घरांकडे पुन्हा जाणे, एवढेच हाती असते. निदान बंद घरे किती आणि कोणत्या वस्तीतली, हे अहवालात लिहिलेच पाहिजे.

फूटपट्टी तपासायची कशी?

तयार निर्देशांक तपासण्याचा एक जुना, स्वस्त मार्ग आहे. गावातले तीन-चार जाणते लोक, त्यात एखादी अंगणवाडी सेविका आणि एखादी मजूर बाई, यांना स्वतंत्रपणे बसवून पाहणीतल्या घरांच्या चिठ्ठ्या ‘बरी परिस्थिती’पासून ‘फार ओढाताण’पर्यंत लावायला सांगायचे. त्यांची क्रमवारी आणि निर्देशांकाची क्रमवारी शेजारी ठेवली, की जिथे मोठी तफावत दिसते ती घरे पुन्हा पाहायची. साक्रीतले 26 गुणांचे मजूर घर तिथे लगेच सापडेल. बहुतेकदा अशा तफावतीमागे एखादा जुना झालेला प्रश्न असतो.

एवढे करूनही या मापाची एक मर्यादा राहतेच. ते घराची अनेक वर्षांची परिस्थिती सांगते, यंदाची नाही. बोंडअळीने कापूस गेला किंवा वादळात केळी आडवी झाली, तरी टीव्ही आणि फ्रिज घरातच असतात. ज्या महिन्यात मुलाच्या दुधात कपात होते, त्या महिन्यातही निर्देशांक तसाच राहतो. म्हणून दुष्काळाचा किंवा नुकसानीचा परिणाम पाहायचा असेल, तर कर्ज, विकलेली जनावरे आणि सोडलेले औषधोपचार वेगळे विचारावे लागतात.

वर्तमानपत्रात ‘सर्वांत गरीब घरांत कुपोषण इतके टक्के’ अशी बातमी वाचताना आपणही तीन गोष्टी शोधू शकतो. गरीब म्हणजे कुणाच्या तुलनेत, देशाच्या, राज्याच्या की त्याच जिल्ह्याच्या? राष्ट्रीय अहवालातले पाच हिस्से सगळ्या देशाच्या घरांवरून पाडलेले असतात आणि धुळ्याच्या एका तालुक्यात ते तसेच लावले, तर चित्र बदलते. दुसरे, घर, संडास आणि गॅस यांना किती वजन दिले आहे? आणि तिसरे, पाहणी कोणत्या महिन्यात झाली? या तिन्हींची उत्तरे नसतील, तर तो आकडा कोणत्या घरांबद्दल बोलतो आहे, हे अजून ठरायचे आहे.